कढईतल्या पाण्याचा हिशेब

घरी केलेल्या फ्राइड राइसबद्दल एकच तक्रार घरोघरी ऐकू येते : "चांगला झालाय, पण गाडीसारखा नाही लागत." माझ्या मुलीनं हे इतक्यांदा म्हटलं आहे की शेवटी मी त्या वाक्याच्या मागेच लागले. गाडीवाला तेल सढळ हातानं सोडतो आणि आपण हात आखडता घेतो, म्हणून चव उतरते, असं आपण धरून चालतो. त्यामुळे दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असतं, करायचाच तर तेल घालून करा, नाहीतर करू नका. दुसरा तट तेल चमचाभरावर आणतो, भाज्या दुप्पट करतो आणि जो मऊ, ओलसर, उकडल्यासारखा भात ताटात येतो त्याला "पौष्टिक आहे" म्हणून मुलांना खायला लावतो.

मला वाटतं, दोन्ही तटांचं निदान चुकलं आहे. घरच्या भाताची चव जाते ती कढईत सुटलेल्या पाण्यानं. आपल्याला घरी दोन गोष्टी हव्या असतात, भाज्या जास्त आणि तेल कमी. या दोन्ही इच्छा रास्त आहेत, पण कढईत त्या एकमेकींच्या आड येतात. भाजी वाढली की पाणी वाढतं, आणि पाणी वाढलं की कमी तेलात काहीही परतलं जात नाही, शिजतं. हे भांडण नीट समजून घेतलं तर दोन्ही इच्छा एकाच ताटात पुऱ्या होतात. त्याकडे दुर्लक्ष केलं तर तेलाची आख्खी बाटली ओतूनही भागत नाही.

डोंबिवली स्टेशनजवळच्या एका चायनीजच्या गाडीपाशी मी बऱ्याच संध्याकाळी उभी राहिले आहे, खायला आणि बघायलाही. लक्ष सगळ्यांचं जातं ते भट्टीच्या घोंघावणाऱ्या जाळाकडे आणि हवेत उडणाऱ्या भाताकडे. मला शिकवलं ते गाडीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या टोपल्यांनी. कोबी दुपारीच चिरून ठेवलेला होता. उघड्या टोपलीत चार-पाच तास राहून त्याच्या कडा किंचित सुकल्या होत्या, हाताला ओल लागत नव्हती. नूडल्स दुपारी उकडून, तेलाचा हात लावून, पसरून गार केलेल्या. भातही दुपारचाच, मोठ्या पातेल्यात, इतका सुटा की डावानं घेताना तो वाळूसारखा घरंगळायचा. म्हणजे जाळ पेटायच्या आधीच निम्मं पाणी घालवलेलं होतं. त्यात एका वेळी एक, फार तर दोन प्लेट. कढईच्या तळाला मूठभर भाजी पडायची, दोन मिनिटांत सगळं खाली उतरायचं. तेल तो भरपूर घालायचा, हे खरं आहे. पण ते तेल काढून घेतलं असतं तरी त्याचा भात आपल्या घरच्या भातापेक्षा मोकळाच झाला असता.

आता आपल्या शेगडीकडे येऊ. घरच्या गॅसचा मोठा बर्नर पूर्ण आचेवर साधारण दोन किलोवॅट उष्णता देतो. त्यातली एक-तृतीयांश कढईच्या बाजूनं निघून स्वयंपाकघर तापवते. कढईला मिळतात सुमारे तेराशे वॅट. अर्धा किलो चिरलेली भाजी आपण एकदम टाकली आणि तिच्यातून 100 ग्रॅम पाणी सुटलं असं समजू. कोबी आणि सिमला मिरची यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा हा अंदाज काही फार नाही. 100 ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 226 किलोज्यूल लागतात. तेराशे वॅटच्या हिशेबानं हे झाले जवळजवळ तीन मिनिटं, आणि भाजी स्वतः तापायला लागतो तो वेळ वेगळा. त्या तीन मिनिटांत कढईचा तळ शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही, कारण तिथे पाणी उकळतंय. परतल्याचा खमंगपणा, त्या तांबूस कडा, तो वास यायला दीडशे अंशांच्या आसपास आणि त्यापुढे जावं लागतं. तिथे पोचेपर्यंत कोबी मऊ पडलेला असतो आणि त्यानं आणखी पाणी सोडलेलं असतं.

ही गोष्ट डोळ्यांपेक्षा कानांना आधी कळते. तापलेल्या कढईत भाजी पडली की चुर्र असा कोरडा, वरच्या पट्टीतला आवाज येतो. भाजी जास्त झाली की तो आवाज काही सेकंदांत खाली उतरतो आणि खदखद सुरू होते. खदखद ऐकू आली की परतणं संपलं, उकडणं सुरू झालं. त्या क्षणी बहुतेक जण आणखी तेल सोडतात किंवा सॉस ओततात. करायला हवं ते उलटं. निम्मी भाजी परातीत काढून घ्यायची आणि कढईला पुन्हा तापू द्यायचं.

मग तेल नेमकं करतं काय? मी त्याची तीन कामं धरते. उलथन्यानं दाबून तापलेल्या लोखंडाला टेकवलं तरी भाताचं शीत फार थोड्या जागी टेकतं, मधल्या फटी तेल भरून काढतं आणि उष्णता शितापर्यंत पोचवतं. शितं एकमेकांना आणि तळाला चिकटू देत नाही. आणि लसूण, आलं, मिरची यांचा बराचसा गंध तेलातच उतरतो, तो पाण्यात उतरत नाही. तिन्ही कामांना पातळ थर पुरतो. पहिलं काम कढईकडून बरंच करून घेता येतं, म्हणून भांड्याची निवड महत्त्वाची आहे. गाडीवरची कढई पातळ पत्र्याची असते, कारण खाली जाळ प्रचंड असतो. घरी जाळ कमी, तेव्हा उष्णता साठवून ठेवणारं जाड भांडं हवं. बिडाची रुंद कढई किंवा सपाट तळाचं लोखंडी भांडं तीन-चार मिनिटं तापवलं की भाजी पडल्यावर ते एकदम थंड होत नाही. नॉनस्टिकला तेल कमी लागतं म्हणून ते वापरणारे बरेच आहेत, पण रिकामं नॉनस्टिक असं तापवणं त्याच्या थराला सोसत नाही, आणि न तापवता केलं तर पुन्हा तोच ओलसर भात. गाडीवाल्यासारखं भांडं उचलून झेलणंही घरी उपयोगाचं नाही. त्याच्या कढईला वर उचलल्यावरही जाळ लागत असतो, आपण उचललं की भांडं फक्त गार होतं. घरी कढई बर्नरवरच राहू द्यावी आणि उलथन्यानं काम करावं.

भाताची गोष्ट मराठी घराला नव्यानं सांगायची गरज पडू नये. फोडणीचा भात आपण शिळ्या भाताचाच करतो, ताज्याचा केला तर गिचका होतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. शिजताना तांदळातल्या पिठूळ भागात पाणी शिरून तो फुगतो आणि चिकट होतो. गार झाल्यावर, विशेषतः फ्रिजमध्ये, त्यातले कण पुन्हा घट्ट जुळतात आणि शीत कडक होतं. वरची ओलही सुकते. म्हणून आदल्या दिवशीचा भात कमी तेलात सुटा राहतो. पण हाच भात रात्रभर कुकरमध्ये ओट्यावर राहू देऊ नये, हे मी आग्रहानं सांगते. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजं असू शकतात. ती शिजवल्यानं मरत नाहीत. कोमट भातात जंतू वाढतात आणि जे विष तयार करतात ते दुसऱ्या दिवशी कितीही परतलं तरी जात नाही. भात झाला की परातीत पसरावा, वाफ गेली की तासाभरात डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. आदल्या दिवशी करायला जमलं नाही तर परातीत पातळ पसरून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवलेला ताजा भातही चालतो. तांदूळ कोलम किंवा बासमती घ्यावा. इंद्रायणी आणि आंबेमोहोर यांचा गुणच मऊ आणि चिकट असण्याचा, तेव्हा वरणभातासाठी ते कितीही लाडके असले तरी इथे ते नकोत.

चार माणसांसाठी मी जे करते ते आता सविस्तर सांगते. तांदूळ 300 ग्रॅम, त्याचा भात होतो आठशे ग्रॅमच्या थोडा वर. शिजवताना मीठ घालत नाही, त्याचं कारण पुढे येईल. भाज्या मिळून अर्धा किलो : कोबी 200 ग्रॅम, गाजर आणि सिमला मिरची शंभर-शंभर, फरसबी थोडी कमी, शिवाय पातीच्या कांद्याची एक लहान जुडी. भाज्या आधी धुवायच्या, पुसायच्या आणि मग चिरायच्या. चिरून धुतल्या तर त्या पाणी धरून बसतात. गाजर आणि फरसबी अगदी बारीक, कोबी जाडसर, कारण कोबी बारीक चिरला की लगेच पाणी सोडतो. चिरलेलं सगळं ताटात पसरून तासभर उघडं ठेवते. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं आणि दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून. वाटून नव्हे, कारण वाटणात पाणी असतं आणि ते तळाला लागतं.

तेल सगळं मिळून पाच लहान चमचे, म्हणजे 25 मिलिलिटर. त्याच्या साधारण दोनशे कॅलरी, माणशी पन्नास. गाडीवर प्लेटला दोन मोठे चमचे तेल पडलं तर एकट्या तेलाच्या अडीचशेच्या आसपास होतात.

कढई तापली की नाही हे पाण्याच्या थेंबानं बघते. थेंब पसरून चुर्रकन आटला तर अजून वेळ आहे, मोत्यासारखा गोळा होऊन पळाला की तयार. पहिला चमचा तेल, त्यावर गाजर आणि फरसबी, दीड-दोन मिनिटं. परातीत काढून पसरते. ढीग केला तर ती स्वतःच्याच वाफेवर शिजत राहते. कढई पुन्हा मिनिटभर तापवते. दुसरा चमचा तेल, कोबी आणि सिमला मिरची, तेवढाच वेळ. मीठ इथे मुळीच नाही, मिठानं पाणी सुटतं. तेवढ्यात एखादी कड तांबूस झाली तर उत्तम, नाही झाली तरी भाजी कच्चट आणि कोरडी असतानाच काढायची.

उरलेले तीन चमचे भाताचे. भातही दोन घाण्यांत, प्रत्येकाला दीड चमचा. तेलात निम्मं आलं-लसूण-मिरची वीस-पंचवीस सेकंद, लसूण पिवळा पडायच्या आत निम्मा भात. भात हातानं आधीच मोकळा केलेला. मग आपली सवय मोडावी लागते, सारखं हलवत बसायचं नाही. भात उलथन्यानं तळाला दाबून पसरायचा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवायचा, मग खरवडून उलटायचा. असं तीनदा केलं की शितं किंचित उडू लागतात, तळाशी टिपटिप असा आवाज येतो आणि भाजक्या तांदळाचा वास सुटतो. तो वास आल्याशिवाय पुढे जात नाही. दुसरा घाणाही तसाच. शेवटी सगळा भात आणि भाज्या एकत्र, सॉस, मिरपूड, पात, आणि आच बंद. या सगळ्याला एकाच वेळी सगळं टाकून करण्यापेक्षा सात-आठ मिनिटं जास्त लागतात. कमी तेलाची खरी किंमत ही सात-आठ मिनिटं आहे, आणि ज्यांना ती नको असतात ते तेलानं ती भरून काढायला बघतात.

सॉसबद्दल मात्र मला काळजी वाटते. तेल कमी केल्याचं समाधान झालं की हात बाटल्यांकडे मोकळा सुटतो. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे सव्वा दोन ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. वरच्या भाताला मी दीड मोठा चमचा सोया सॉस घालते, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आतबाहेर मीठ, माणशी ग्रॅमच्या आत. म्हणूनच भात अळणी शिजवायचा, आणि चव बघून लागलं तरच शेवटी चिमूटभर मीठ. बाटलीगणिक खारटपणा बदलतो, तेव्हा नव्या बाटलीचा आधी एकच चमचा घालावा. घालायची जागाही महत्त्वाची आहे. भातावर ओतला तर काही शितं काळी, काही पांढरी आणि सगळी ओली. भात मधे ओढून कढईच्या तापलेल्या कडेवर सॉसची धार सोडली तर त्यातलं पाणी तिथेच उडतं, साखर जरा करपते आणि अर्ध्या सॉसमध्ये दुप्पट वास येतो. व्हिनेगर दोन लहान चमचे, पण अगदी शेवटी, आच बंद केल्यावर. त्याच्या आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचं जिभेला जाणवत नाही.

शेझवान चटणीच्या बाटलीचं लेबल मात्र वाचावं. तिच्या घटकांत तेल बहुतेकदा पहिल्या काही नावांत असतं. कढईत चमचे मोजून तेल घालायचं आणि वरून तीन डाव चटणी सोडायची, तर मोजण्याला अर्थ उरत नाही. मी ती घरी करते : आठ-दहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटायच्या, लसूण भरपूर, दोन चमचे तेलात कोरडं होईपर्यंत परतायचं, व्हिनेगर आणि मीठ. ज्या सिचुआन प्रांताचं नाव ही चटणी मिरवते, तिथल्या स्वयंपाकाची खूण असलेली, जीभ बधिर करणारी मिरी आपल्या शेझवानमध्ये नसतेच. पण त्या मिरीचं सख्खं भावंड कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत पडतं, ते म्हणजे तिरफळ. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोघं एकाच कुळातली आणि एकाच प्रजातीगटातली. बिया काढून दोन तिरफळांची सालं कोरडी भाजून या चटणीत कुटून घातली, तर जिभेच्या टोकाला येणाऱ्या झिणझिण्यांमुळे तेल-मिठाची आठवणही होत नाही.

हे सगळं खाणं चिनी नाही, असं नाक मुरडून सांगणारे भेटतात. ते भारतातलंच आहे, यात कमीपणा काय? कोलकात्याच्या टांग्रा भागात स्थिरावलेल्या हक्का चिनी कुटुंबांनी ते घडवलं. मुंबईत 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वँग यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची घेऊन त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि मंच्युरियन जन्माला आलं. या खाण्याचा पाया म्हणजे आपली ओळखीची फोडणी आहे. म्हणून तेलात काटकसर करायची ती भाजीच्या तेलात. आलं-लसणाच्या फोडणीचं तेल तोडलं तर मागे फक्त खारट भात उरतो. माणशी एका लहान चमच्याच्या खाली मी आता जात नाही. जाऊन पाहिलं तेव्हा लसूण जळला आणि भाताची पापडी तळाला चिकटली.

नूडल्सचा हिशेब थोडा वेगळा आहे. त्यांना मोकळं ठेवणं भातापेक्षा कठीण, कारण उकडताना त्यांच्यावर पिठाचा चिकट थर येतो. 200 ग्रॅम कोरड्या हक्का नूडल्सना दोन लिटर तरी पाणी हवं, म्हणजे ते पीठ पाण्यात पसरतं. उकळत्या पाण्यात तेल घालणं फुकट आहे, ते वर तरंगतं आणि निथळताना पाण्याबरोबर निघून जातं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या मिनिटभर आधी एक नूडल तोडून बघावी. मधे सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की लगेच चाळणीत. मग गार पाण्याखाली हातानं चोळून धुवायच्या, दहा मिनिटं निथळू द्यायच्या, एक लहान चमचा तेल लावून ताटात पसरायच्या. तेल खरं कामाला येतं ते इथे. भाज्या वरच्यासारख्याच दोन घाण्यांत, आणि वजनानं कोरड्या नूडल्सच्या दुप्पट. ताटातला मैदा कमी करण्याचा मला सापडलेला हाच खात्रीचा मार्ग आहे, तेलाचा आणखी एक चमचा वाचवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त. टोमॅटो केचप आवडत असेल तर लहान चमचाभर, तेही सोया सॉसनंतर आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात, कारण त्यातली साखर कढईला लागून कडू होते. केचपनं येणारी गोडसर भरीव चव निव्वळ साखरेची नसते. टोमॅटो आणि सोया या दोघांत ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असतंच. 1908 मध्ये जपानमध्ये किकुने इकेदा यांनी समुद्रशेवाळापासून जे वेगळं केलं आणि आपण ज्याला अजिनोमोटो म्हणून ओळखतो, ते त्याचंच मीठ. घरात हे दोन सॉस असतील तर ती पुडी वेगळी आणायची गरज मला कधी पडली नाही.

एक गोष्ट घरी येणार नाही, ती आधीच कबूल केलेली बरी. भट्टीच्या जाळात उडालेल्या तेलाचे थेंब पेटतात आणि त्या क्षणाचा धुरकट वास भाताला लागतो. घरच्या बर्नरवर तो वास आणता येत नाही, आणि आणायच्या खटाटोपात तेल पेटवून घेऊ नये. बाकीचं सगळं येतं. गेल्या रविवारी मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली तेव्हा दुसरा घाणा कढईत होता. मी भात उलटायला गेले, तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, थांब, अजून टिपटिप नाही आली." आम्ही दोघी वाट बघत राहिलो.